खांद्यावरून नंबर, पोटावरून कट

वाचकाचं पत्र:

"माझं वय ३८, उंची ५ फूट ७ इंच. छाती ४१ इंच, पोट ४२ इंच, खांदा १८ इंच. शर्ट ४२ नंबरचा घालतो. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे आणि मामा म्हणून मला बराच वेळ पाटावर बसायचं आहे. अंगाला चिकटणारे कुर्ते मला आवडत नाहीत. माझे वडील घालायचे तसा ऐसपैस झब्बा हवा, म्हणून ऑनलाइन थेट ४६ नंबर मागवला. घातला तर खांदे दंडावर लोंबतात, बाह्या बोटांवर येतात. बायको म्हणाली, 'कुणाचा आणलात?' मग दुकानात जाऊन ४२ नंबर घालून पाहिला, तर तो पोटावर ताणला गेला आणि बाजूचे कट उघडे राहिले. आता ४४ घेऊ का? की ४६ नंबरचाच शिंप्याकडून खांद्यात कमी करून घेऊ? आणि लांबी किती असावी?"

नमस्कार.

४४ जमेल का, याला माझं उत्तर 'बहुधा हो' असं आहे. पण त्या 'बहुधा'मध्येच सगळी गोम आहे. एका कंपनीचा ४४ नंबर तुम्हाला मापात बसेल आणि दुसरीचा ४४ पुन्हा पोटावर अडकेल.

आधी या आकड्याकडेच जरा संशयाने बघा. कुर्त्याच्या लेबलवरचा ४२ म्हणजे '४२ इंच छातीच्या माणसासाठी' असाही असू शकतो आणि काही ठिकाणी 'शिवून तयार झालेल्या कुर्त्याची छाती ४२' असाही. दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक पडतो. ऑनलाइन घेताना मापांचा तक्ता उघडून ४२ नंबरसमोर छाती किती लिहिली आहे ते बघा. तिथेही ४२च असेल तर तो बहुतेक अंगाच्या मापांचा तक्ता असतो. ४५-४६ लिहिलं असेल तर ते कुर्त्याचं माप आहे. आपल्या कामाचा हा दुसरा तक्ता, कारण त्यातून तुमची ४१ वजा केली की कुर्त्यात किती मोकळीक उरते ते थेट कळतं. पहिला तक्ता फक्त 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढंच सांगतो. खरं तर भारतीय शरीरांसाठी सर्वमान्य मापं असावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिक्षणसंस्था यांनी 'इंडियासाइज' नावाचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं. पण दुकानातल्या फळीवर आजही ज्याचा त्याचा ४२ नंबर वेगळाच आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे सैल हवा असेल तर नंबर वाढवायचा. बरीच मंडळी असंच करतात. आमच्या काउंटरवर तर आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी 'दोन नंबर मोठा द्या, मला मोकळा लागतो' म्हणायचंच. अडचण अशी की तयार कपड्यात नंबर चढला की नुसती छाती वाढत नाही. ४२ वरून ४४ वर जाताना छातीला साधारण दोन इंच मिळतात, आणि त्याबरोबर खांदा अर्धा इंच रुंद होतो, गळा मोठा होतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खाली सरकतो, बाही आणि उंचीही थोडी वाढते. म्हणजे तुम्हाला हवी होती पोटाची ढिलाई आणि तिच्यासोबत नको असलेला खांदाही पदरी पडला. ४६ नंबरमध्ये तुमचं नेमकं हेच झालं. तो कुर्ता तुमच्यापेक्षा दीड इंच रुंद खांद्याच्या माणसासाठी कापला होता.

म्हणून नंबर खांद्यावरून ठरवायचा. सैलपणा हवा असेल तर तो कापण्याच्या पद्धतीतून, म्हणजे कटमधून घ्यायचा.

खांदा मोजायचा तो पाठीवरून. बाहेरच्या टोकाला, जिथे खांद्याचं हाड संपून दंड उतरायला लागतो, तिथे बोटाने चाचपलं की एक लहानसा उंचवटा लागतो. या उंचवट्यापासून पलीकडच्या उंचवट्यापर्यंत, मानेच्या मुळाशी असलेल्या हाडावरून टेप नेली की खांद्याचं माप मिळतं. तुम्ही १८ लिहिलंत, पण ते स्वतः आरशासमोर उभं राहून घेतलं असेल तर पुन्हा कुणाकडून तरी मोजून घ्या. स्वतः टेप धरताना हात वर जातात, खांदे आत येतात आणि माप अर्धा-पाऊण इंच कमी भरतं. छातीचंही तसंच. टेप काखेखालून, पाठीच्या पात्यांवरून आडवी सरळ फिरवायची, पातळ बनियनवर, श्वास नेहमीसारखा. मोजायला लागलं की पुरुष नकळत छाती काढून आणि पोट आत ओढून उभे राहतात. मी कापड कापायला शिकलो तेव्हा आमचे मास्तर माप घेता घेता गिऱ्हाइकाला मुद्दाम काहीतरी विचारायचे. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, ओढलेलं पोट सुटतं आणि मास्तर तेवढ्यात आकडा वाचून घेतात.

आता तयार कुर्ता अंगात घातल्यावर खांद्याची शिवण त्या उंचवट्यावर किंवा फार तर अर्धा इंच बाहेर यायला हवी. झब्ब्यासारखा सैल कुर्ता हवा असेल तर दोन्ही बाजूंना मिळून एखादा इंच जास्त चालतो. त्याच्या पुढे गेलं की दोन गोष्टी होतात. पहिली दिसते, ती तुमच्या सौभाग्यवतींनी बघितलीच. दुसरी लक्षात यायला वेळ लागतो. मुंढा काखेपासून जितका खाली उतरतो तितकी हाताची हालचाल अडते. ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा. तो ४६ नंबरचा कुर्ता घालून पंख्याची पाती पुसायची आहेत असा हात वर करा. अख्खा कुर्ता हाताबरोबर वर चढेल आणि खालची कड मांडीवर येईल. मुंढा काखेच्या जवळ असलेल्या कुर्त्यात हात वर केला तर मुख्यतः बाहीच हलते, अंग जागेवर राहतं. मुंजीत हात वर करून कुणावर अक्षता टाकल्या की दर वेळी कुर्ता खाली ओढावा लागतो, त्याचं कारण हे असतं. कुर्ता लहान असल्यामुळे असं होतं ही समजूत चुकीची आहे. तो त्या जागी मोठा असतो.

मग तुमच्या वडिलांचा झब्बा तर खांद्यावरून चांगला उतरलेला असायचा आणि तरी त्यांना कधी अडायचं नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, कारण तो निराळ्याच रीतीने कापलेला असायचा. जुना कळीदार कुर्ता बघा. पुढचा-मागचा भाग म्हणजे सरळ आयताकृती पट्टी. बाहीही सरळ, तिला वर गोलाई नाही. दोन्ही बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या, आणि काखेत चौबगला, म्हणजे साधारण तीन-चार इंचांचा चौकोनी तुकडा, तिरपा बसवलेला. हात वर केला की हा चौबगला उलगडतो आणि जादा कापड तिथून मिळतं, त्यामुळे अंगाचं कापड ओढलं जात नाही. या कुर्त्याची बाहीची शिवण मुळातच दंडावर इंच-दीड इंच खाली येते आणि ती तिथेच शोभते. म्हणून दुकानात खांदा उतरलेला दिसला की लगेच नाकारू नका. बाही उलटी करून मुंढ्याची शिवण बघा. ती सरळ रेषेत जाऊन काखेत चौकोनी तुकडा असेल तर उतरलेला खांदा ही त्या कुर्त्याची घडणच आहे. शिवण शर्टासारखी गोल वळलेली असून दंडावर आली असेल तर मात्र तो तुमच्या मापाचा नाही.

तयार कपड्यांत चौबगल्याचा कुर्ता आता कमीच मिळतो. खादीच्या दुकानांत काही वेळा दिसतो. बाकी ठिकाणी 'कळीदार' अशी पाटी असते आणि कळ्या असतातही, पण मुंढा शर्टासारखाच गोल. अशा कुर्त्याला खांद्याचा नियम वर सांगितल्याप्रमाणेच लावायचा.

छातीचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. अंगाच्या मापावर दोन-तीन इंच मोकळीक असेल तर कुर्ता अंगासरशी बसतो. चार इंच म्हणजे नेहमीचा. पारंपरिक सैल बसावा असं वाटत असेल तर पाच ते सहा, आणि अगदी पातळ मलमल असेल तर सातही चालतात, कारण मऊ कापड लोंबून अंगाबरोबर राहतं. तेच सात इंच कडक खादीत किंवा जाड सिल्कमध्ये घेतले तर काखेखाली पिशवी झाल्यासारखं दिसतं. तेव्हा कापड जितकं ताठ, तितकी ढिलाई थोडी कमी. हातात असलेल्या कुर्त्याची छाती बघायची तर तो बटणं लावून सपाट पसरा, काखेच्या एक इंच खाली एका शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. घरात एखादा असा कुर्ता किंवा ढगळ शर्ट असेल ज्यात तुम्हाला बरं वाटतं, तर तो असाच मोजून आकडा लिहून ठेवा. अंगाच्या मापापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

पण तुमची खरी अडचण छाती नव्हतीच. दुकानातला ४२ नंबर ताणला गेला तो पोटावर. हल्लीचे बरेच कुर्ते कमरेत आत घेतलेले असतात. छाती ४५ असली तरी पोटाजवळ ४२ इंच. तुमचं पोट ४२, म्हणजे तिथे मोकळीक शून्य. आणि बसल्यावर पोटाचा घेर इंच-दोन इंचांनी वाढतो. छातीच्या आकड्यावरून हे कधीच कळलं नसतं. म्हणून कुर्ता सपाट पसरलेला असतानाच काखेची रुंदी आणि बेंबीच्या पातळीची रुंदी दोन्ही मोजा. दोन्ही जवळपास सारखी असतील तर तो सरळ कट. खाली वाढत असेल तर कळीदार. मध्येच दोन्ही बाजूंनी इंच-सव्वा इंच आत गेली असेल तर तो कमरेत घेतलेला, आणि छातीइतकंच किंवा जास्त पोट असलेल्या कुणीही त्याच्या वाटेला जाऊ नये, मग लेबलवर कोणताही नंबर असो. पोटावर मला किमान चार इंच हवेत. पाटावर तासभर बसायचं असेल तर पाच.

बाजूचे कट उघडे राहिले ही त्याचीच पुढची तक्रार. कट खिशाच्या पातळीला सुरू होतो. तिथे किंवा त्याच्या वरच्या भागात कुर्ता अपुरा पडला की पुढचा पदर पुढे आणि मागचा मागे ओढला जातो, मधून पायजमा दिसतो. आरशात समोरून बघून हे लक्षात येत नाही, बाजूने उभं राहायचं. दोन्ही हात खाली सोडून उभं असताना कटाच्या दोन कडा एकमेकींना टेकून सरळ खाली जायला हव्यात. मग दुकानातच मांडी घालून बसा. लाज वाटू देऊ नका, ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसून गुडघे फाकवा. पोटावर बटणपट्टीच्या आजूबाजूला आडव्या चुण्या पडल्या, किंवा कटाच्या वरच्या टोकाशी शिवण ताणून दोरा दिसायला लागला, तर तो कुर्ता मुंजीतच उसवणार. कटाच्या त्या टोकाला आतून लहानसं ठिगळ किंवा आडवी टीप असेल तर ते चांगल्या शिलाईचं लक्षण. तिथेच सगळा ताण येतो.

उंचीकडे वळतो. उंचीचं माप मानेच्या बाजूला, खांद्याच्या सर्वांत वरच्या जागेपासून समोरून खाली घ्यायचं. तुमच्या उंचीला तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत ३८-३९ इंच भरतील, पण पोटावरून टेप नेऊन मोजूनच बघा. सैल, पारंपरिक कुर्त्याला गुडघा झाकून खाली एक-दोन इंच असं प्रमाण बरं दिसतं, म्हणजे तुम्हाला ४० ते ४१. पोटरीपर्यंत गेलेला कुर्ता उंच आणि सडपातळ माणसाला शोभतो. तुमच्या बांध्याला त्याने उंची कमी दिसेल, शिवाय मांडी घातल्यावर जादा घोळ पायाखाली अडकतो आणि उठताना आपणच आपल्या कुर्त्यावर पाय देतो. जीन्सवर घालायचा आखूड कुर्ता ३० इंचांच्या आसपास असतो, तो इथे प्रश्नच नाही.

पोटाचा आणखी एक हिशेब सांगतो, कारण त्यात मी स्वतः एकदा हात पोळून घेतले. शिकाऊ असताना एका पोटाळ गिऱ्हाइकाचा कुर्ता कापला, पुढची-मागची उंची काटेकोर सारखी. टेबलावर कुर्ता सुंदर दिसत होता. अंगात घातल्यावर पुढची कड मागच्यापेक्षा चांगली दीड इंच वर, कारण पुढचं कापड पोटाच्या वळणावरून खाली जातं आणि तेवढी उंची वाटेतच खर्च होते. तयार कुर्ते सरळ पोटाच्या माणसासाठी कापलेले असतात. तुमचं पोट छातीपेक्षा इंचभरच जास्त आहे, त्यामुळे अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक पडेल, डोळ्यांत भरणार नाही. पण ज्या वाचकांचं पोट छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त आहे त्यांनी कुर्ता शिवूनच घ्यावा आणि पुढची उंची इंच-सव्वा इंच वाढवून मागावी.

सुती किंवा खादीचा कुर्ता घेणार असाल तर पहिल्या धुण्यात तो आटेल, हे धरूनच चाला. न धुतलेलं सुती कापड उंचीत तीन ते पाच टक्के आटणं नेहमीचं. ४१ इंचांतले दोन इंच तिथे गेले तर राहिले ३९, म्हणजे गुडघा उघडा. म्हणून असा कुर्ता उंचीला ४२ चा घ्या, एकदा साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग अंगात घालून बघा. लांब वाटला तर कड नंतर दुमडता येते. धुण्याआधी कड कापून घेण्याची घाई मात्र करू नका. कापड शिंप्याकडे द्यायचं असेल तर शिवण्याआधी भिजवून द्या. आडव्यात आटणं सहसा कमी असतं, तरी पाच इंच मोकळीक धरली असेल तर त्यातला इंचभर जाऊ शकतो, म्हणून सुतीला सहा धरावेत.

तर तुमचा कुर्ता असा शोधा. सरळ कट किंवा कळीदार, कमरेत आत न घेतलेला. कुर्त्याचा खांदा १८ ते साडेअठरा, फार तर १९. कुर्त्याची छाती ४६ ते ४७, बेंबीपाशी ४७ च्या खाली नको. उंची ४० ते ४१, सुती असेल तर ४२. ही मापं एका कंपनीच्या सरळ कटच्या ४२ नंबरमध्ये मिळतील, तर दुसरीच्या ४४ नंबरमध्ये. समजा ४२ नंबरला खांदा १८, छाती ४७, पोट ४७ लिहिलं आहे, तर तोच घ्या, ४४ कडे जाऊच नका. ४२ ची छाती ४४ असेल, तर ४४ नंबर बघा, पण त्याचा खांदा १९ च्या पुढे गेला की सोडून द्या. दोन्ही एकदम जमत नसतील तर खांदा बरोबर असलेला आणि पोटाला कमी पडणारा कुर्ता घेऊ नका, कारण बाजूच्या शिवणीत सोडायला तयार कपड्यात माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, फारशी ठेवलेलीच नसते. आतून बघा, पाव-अर्धा इंच असेल, तीही ओव्हरलॉकने कापलेली. अशा वेळी शिवून घेणं बरं. मुंजीला महिना आहे, शिंप्याला पुरेसा वेळ मिळतो.

बाहीचं काय, तर हात खाली सोडल्यावर ती मनगटाच्या हाडावर संपावी. लांब असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

राहिला तो ४६ नंबर. परत करायची मुदत असेल तर लेबल न काढता परत करा. खांद्यात कमी करणं म्हणजे दोन्ही बाह्या उसवायच्या, मुंढा नव्याने कापायचा, तो लहान झाला की बाहीची गोलाईही पुन्हा कापायची, आणि छातीत नऊ इंच मोकळीक आहे म्हणून बाजूही आत घ्यायच्या. त्यात बाजूला खिसे असतील तर तेही काढून बसवायचे. गळा तरी मोठाच राहणार, त्याला काही करता येत नाही. इतकं करून देणारा शिंपी नव्या कुर्त्याच्या शिलाईच्या जवळपास पैसे सांगेल आणि त्याचं चुकणार नाही. मुदत संपली असेल तर बाह्या तेवढ्या आखूड करून तो रात्री झोपायला ठेवा. त्या कामाला उतरलेला खांदा उत्तम.